भरतीची किंवा लाँचची बातमी धरून मेल केला, तरी उत्तर का येत नाही?

आमचा धंदा गेज आणि कॅलिब्रेशनचा, म्हणजे भाग मापात आहे का ते तपासायची साधनं आणि ती साधनं बरोबर आहेत का याची पडताळणी. भोसरीत लहानशी लॅब आहे आणि गिऱ्हाइकं म्हणजे चाकण, रांजणगाव, तळेगाव पट्ट्यातले गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. नवं गिऱ्हाईक जोडायची माझी वाट वर्षानुवर्षं तीच आहे. कारखान्याने भरतीची जाहिरात दिली, नवी लाइन सुरू होतेय असं सांगितलं किंवा एखादी नवी गाडी बाजारात आली, की ते निमित्त धरून लिहायचं. ही वाट चालते. पण या कामात नव्याने आलेली मुलं जवळजवळ एकच तक्रार घेऊन येतात: "दादा, बातमी ताजी होती, साहेबांचं नाव बरोबर होतं, मेल त्याच दिवशी टाकला. तरी काहीच उत्तर नाही."

मी त्यांना पाठवलेले मेल दाखवायला सांगतो. बातमी खरोखरच ताजी असते. चुकलेला असतो तो बातमीचा अर्थ. जाहिरात किंवा लाँच म्हणजे कारखान्यात महिनोन्‌महिने चाललेल्या एका कामाची बाहेरून दिसलेली खूण. ते काम आज कुठवर आलंय आणि आज कुणाच्या टेबलावर आहे, हे हेरलं नाही तर ताजा मेलसुद्धा चुकीच्या माणसाला चुकीच्या आठवड्यात पोचतो. दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा आलेल्या उत्तरावरून, किंवा न आलेल्या उत्तरावरून, ओळखता येतं. ते कसं ते सांगतो.

सगळ्यात आधी: मेल पोचतोय का?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक महिनाभर मजकूर बदलत बसतात. कंपनीच्या आयडीवरून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांच्या मेनूत `Show original` दाबा. वर `SPF`, `DKIM` आणि `DMARC` या तीन ओळी दिसतील, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय का याच्या या तीन तपासण्या. तिन्हींपुढे `PASS` पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत नियम कडक केले आहेत, आणि कंपनीच्या नावाचं डोमेन घेऊन सेटिंग अर्धवट सोडलेल्या छोट्या उद्योगांचे मेल थेट स्पॅममध्ये जातात. `FAIL` दिसलं किंवा एखादी ओळच दिसली नाही, तर डोमेन ज्याच्याकडून घेतलं त्याला फोन करा. तिन्ही ठीक असतील तर दोष मजकुरात, माणसात किंवा वेळेत आहे.

"आमचं ते काम झालंय"

हे उत्तर लाँचच्या बातमीवर लिहिणाऱ्याला हमखास मिळतं. मलाही मिळालं आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

५ जुलै २०२४ ला पुण्यात बजाज ऑटोने फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी मोटरसायकल बाजारात आणली. आमच्या भागात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. अशी गाडी आली की नवा टाकी-फ्रेमचा जोड आला, नवे ब्रॅकेट, नवे फिटिंग आले, म्हणजे नवी गेज आली आणि त्यांचं कॅलिब्रेशन आलं, असा हिशोब आमच्यासारखा माणूस लगेच मांडतो. हिशोब बरोबर आहे, फक्त तो वर्षभर उशिरा मांडलेला आहे.

गाडी शोरूममध्ये येण्याआधी तिच्या प्रत्येक भागाचा प्रवास ठरलेला असतो. आधी गाडी कंपनी दर मागवते. मग सप्लायर टूल बनवतो, ट्रायल काढतो. त्यानंतर पीपॅप होतं, म्हणजे हा भाग तुमच्याकडून मोठ्या संख्येने घ्यायला आम्ही तयार आहोत अशी गाडी कंपनीची मान्यता. मान्यतेनंतर नियमित उत्पादन सुरू होतं, आणि पुरेसा माल साठल्यावर लाँचचा कार्यक्रम. पीपॅपच्या फाइलसाठी एकूण १८ गोष्टींची यादी असते. त्यात मोजमाप पद्धतीचा अभ्यास, म्हणजे एमएसए, असतो. भाग तपासायच्या साधनांची माहिती असते आणि ज्या लॅबने मोजमाप केलं तिच्या मान्यतेचा कागदही असतो. आमचं सगळं काम या फाइलच्या आत बसतं. लाँचच्या दिवशी ती फाइल सही होऊन कपाटात गेलेली असते.

तेव्हा लाँचच्या दुसऱ्या दिवशी क्वालिटी हेडला "नव्या मॉडेलसाठी गेज कॅलिब्रेशन करून देऊ" असं लिहिलं की त्याला एकच गोष्ट कळते: याला आमचं काम कसं चालतं हे ठाऊक नाही.

याचा अर्थ लाँचची बातमी आमच्यासाठी टाकाऊ आहे असा नाही. तिच्यावरून पुढचं काम हेरायचं. गाडी विकली जाऊ लागली की उत्पादनाचा आकडा वाढतो. ट्रायलच्या वेळी दिवसाला शंभर भागांत जाणारं, भोक तपासायचं प्लग गेज आता काही हजार भागांत जातं. प्लग गेजला दोन टोकं असतात, गो आणि नो-गो. नो-गो भोकात शिरतच नाही, निदान शिरू नये. गो मात्र प्रत्येक चांगल्या भागात शिरतं आणि बाहेर येतं, म्हणून झिजतं तेच. वर्षाच्या कॅलिब्रेशनची तारीख ट्रायलच्या काळातल्या वापरावर ठरवलेली असते, आणि उत्पादन वाढल्यावर ती तारीख फार लांबची ठरते. झिजलेलं गो गेज सैलपणे आत जातं आणि मापापेक्षा लहान भोकसुद्धा पास करतं. ते भोक जोडणीच्या लाइनवर अडतं, भाग परत येतो आणि चूक का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं हे सांगणारा आठ-डीचा कागद भरत बसावं लागतं.

म्हणून लाँचच्या बातमीवरचा माझा मेल आता त्या दिवशी जात नाही. डिलिव्हरी सुरू झाल्यापासून तीन-चार महिन्यांनी जातो, आणि त्यात पीपॅपचा शब्दही नसतो. एवढंच असतं: "उत्पादन वाढलं असेल तर गो गेजची झीज मध्येच एकदा तपासून घ्या. मोजायला आणि कागद द्यायला इतके दिवस लागतील." कारण तेच, लाँचचं. पण त्या दिवशी त्या टेबलावर खरंच पडलेल्या प्रश्नाला ते जाऊन भिडतं.

तुमचा माल वेगळा असेल तर तुमची साखळीही वेगळी असणार. कारखान्याला बस पुरवणाऱ्याला किंवा कँटीन चालवणाऱ्याला ऑपरेटर भरतीची जाहिरात फार मोलाची, कारण माणसं रुजू होतील त्या दिवशी सकाळी बस आणि दुपारी ताट लागतं. पॅकिंगचे खोके बनवणाऱ्याला नियमित उत्पादन सुरू व्हायच्या आधी पोचावं लागतं. स्वतःच्या मालापुरती ही साखळी कागदावर मांडा, तुमचं काम कुठल्या दोन टप्प्यांच्या मध्ये येतं तिथे खूण करा आणि मग बातमी त्या खुणेच्या आधीची आहे की नंतरची ते बघा. हे न करता लिहिलेला मेल नशिबावर सोडलेला असतो.

"रिझ्युमे पाठवा" किंवा एचआरकडून आपोआप आलेलं उत्तर

भरतीच्या जाहिरातीवर लिहिताना ही चूक होते. जाहिरातीखाली जो मेल आयडी असतो तो एचआरचा. तिथे दिवसाला शेकडो अर्ज येतात. तुमच्या मेलच्या विषयात "क्वालिटी इंजिनिअर भरतीसंदर्भात" असं असलं, तर तो अर्जांच्या फोल्डरमध्येच पडतो, मग तो वाचणारा कितीही चांगला माणूस असो. मी एका ओळखीच्या एचआर बाईंच्या टेबलाशी बसून हे पाहिलं आहे. विषयात पदाचं नाव असलेले सगळे मेल एका नियमाने थेट बाजूला जात होते. त्यात दोन सप्लायरचे मेलही पडले होते, न उघडलेले.

जाहिरात कुणाच्या खात्यासाठी आहे ते बघा आणि त्या खात्याच्या प्रमुखाला लिहा. सीएमएम, म्हणजे भागाची मापं घेणारं मशीन, त्याचा ऑपरेटर हवा असेल तर क्वालिटी हेड. व्हीएमसी, म्हणजे धातू कापून भाग घडवणारं मशीन, त्याचे ऑपरेटर हवे असतील तर प्रॉडक्शन हेड. विषयात पदाचं नाव टाकू नका, कामाचं नाव टाका.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते भरतीच्या निमित्ताने लिहिण्याचं सगळं मर्म त्यात आहे. जाहिरात आली म्हणजे माणूस आला नाही. मुलाखती होतात, ऑफर जाते, मग नोटीस पीरियड असतो, कुठे एक महिना, कुठे दोन, मोठ्या कंपनीतून येणार असेल तर तीन. म्हणजे जाहिरातीच्या दिवसापासून दोन ते चार महिने ती खुर्ची रिकामी असते आणि तिचं काम आधीच्याच माणसांच्या अंगावर पडलेलं असतं. तुमचा पहिला मेल त्या आधीच्या माणसासाठी आहे. त्याच्याकडे काम जास्त आहे आणि हात कमी, आणि हे त्याने स्वतःच जाहिरात देऊन सांगितलं आहे. दुसरा मेल जातो नवा माणूस रुजू झाल्यावर, साधारण त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा त्याच्या हातात गेजची यादी आलेली असते, कुठल्या तारखा उलटून गेल्या आहेत हे त्याला कळलेलं असतं, पण जुन्या लॅबशी त्याचे संबंध अजून जुळलेले नसतात.

हे दोन मेल वेगळे लिहावे लागतात. पहिल्यात हात कमी असल्याची जाणीव हवी. दुसऱ्यात "यादी बघताना काही अडलं तर विचारा" एवढं पुरे. दुसऱ्याला पहिल्याची नक्कल पाठवली तर फुकट जाते.

"अभिनंदनाबद्दल धन्यवाद," आणि पुढे काहीच नाही

किंवा तेवढंही नाही. इथे बातमी नुसती दागिन्यासारखी वापरलेली असते. एका मुलाचा मेल समोर ठेवतो, त्याच्या परवानगीने, नावं काढून:

> नमस्कार सर, आपल्या कंपनीच्या विस्ताराबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! आपण नवीन भरती करत असल्याचे पाहून आनंद झाला. आमची कंपनी गेली कित्येक वर्षे कॅलिब्रेशन, गेज, फिक्श्चर आणि ट्रेनिंग या क्षेत्रात दर्जेदार सेवा देत आहे. सोबत ब्रोशर जोडले आहे. आपल्या सोयीची वेळ कळवावी.

पहिली दोन वाक्यं काढून टाका. उरलेला मेल जसाच्या तसा कुठल्याही कंपनीला, कुठल्याही दिवशी पाठवता येतो. म्हणजे बातमीचा आणि मागणीचा सांधाच जुळलेला नाही. वाचणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याला ते दिसतं.

मी पाठवण्याआधी हीच परीक्षा घेतो. बातमीचं वाक्य झाकून उरलेलं वाचायचं. उरलेल्याला बातमीशिवाय अर्थ राहत असेल तर मेल कच्चा आहे. पक्क्या मेलमध्ये मधलं एक वाक्य असतं, जे बातमीवरून कामाकडे नेतं: तुम्ही अमुक जाहीर केलं, त्यावरून तुमच्याकडे सध्या तमुक काम आलं असावं. हे वाक्य अंदाजाचं असतं, आणि ते अंदाज म्हणूनच लिहावं. अंदाज चुकला तरी लोक दुरुस्त करायला उत्तर देतात, हे मी कितीदा पाहिलं आहे. अभिनंदनात दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं.

जाहिरातच फसवी असते तेव्हा

प्रत्येक भरती म्हणजे वाढ नव्हे. माणूस सोडून गेला म्हणून त्याच्या जागी माणूस हवा, ही जाहिरात आणि नव्या लाइनसाठी माणसं हवीत, ही जाहिरात दिसायला सारखीच असते. पहिलीवर "तुमच्या नव्या प्रोजेक्टसाठी" असं लिहिलं तर तो मेल तिथेच संपला.

ओळखायला फार लागत नाही. त्याच कंपनीच्या मागच्या सहा-आठ महिन्यांतल्या जाहिराती काढा. तेच पद, तोच मजकूर, तेच ठिकाण पुन्हा पुन्हा येत असेल तर ती खुर्ची टिकत नाहीये. एकटं पद असेल आणि मजकुरात रोजची कामं लिहिलेली असतील, इनकमिंग तपासणी, लाइन क्वालिटी, तर बहुधा बदली माणूस हवा आहे. उलट एकाच पंधरवड्यात क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि स्टोअर या चारही खात्यांच्या जागा निघाल्या, ठिकाण नेहमीच्या कारखान्यापेक्षा वेगळं असलं, आणि कामात पीपॅप, एपीक्यूपी, एमएसए हे शब्द आले, तर नवं काही उभं राहतंय. पीपॅप आणि एपीक्यूपी हे नव्या भागाचे शब्द आहेत, चालू भागाच्या रोजच्या कामात ते जाहिरातीत सहसा लिहीत नाहीत.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर अजून एक पडताळा मिळतो. सेबीच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला महत्त्वाच्या घडामोडी शेअर बाजाराला कळवाव्या लागतात, आणि बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावाखाली `Corporate Announcements` मध्ये त्या कुणालाही वाचता येतात. क्षमता वाढवणं, नव्या कारखान्यात उत्पादन सुरू होणं, हे तिथे तारखेसकट सापडतं. जाहिरात आणि ही नोंद एकमेकांशी जुळली तर अंदाज पक्का धरायला हरकत नाही. आमची बरीच गिऱ्हाइकं मात्र प्रायव्हेट लिमिटेड आहेत, त्यांच्यासाठी जाहिरातीच चाळाव्या लागतात.

कन्सल्टन्सीने दिलेल्या जाहिरातीत कंपनीचं नाव नसतं, "चाकणमधील नामांकित ऑटो कंपनी" एवढंच असतं. ठिकाण, मशीन आणि भागाचं वर्णन वाचून जाणकाराला नाव कळतं. कळलं तरी ते मेलमध्ये वापरू नका. नाव झाकायचं असं त्यांनी ठरवलेलं आहे.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

गेल्या वर्षी एका सोमवारी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या तीन जाहिराती दिसल्या. मूळ कारखाना चाकणला, जाहिराती मात्र रांजणगावसाठी. सीएमएम ऑपरेटर दोन, क्वालिटी इंजिनिअर एक, तीन ते पाच वर्षं अनुभव, पीपॅप आणि एमएसए आलं पाहिजे. व्हीएमसी ऑपरेटर आठ. खाली "लवकर रुजू होणाऱ्यास प्राधान्य".

मागच्या जाहिराती बघितल्या. रांजणगावचं नाव आधी कुठेच नव्हतं. म्हणजे जागा नवी, भाग नवे, आणि लवकर रुजू व्हा म्हणजे तारीख अंगावर आलेली. क्वालिटी इंजिनिअरला एमएसए येणं हवं याचा अर्थ त्याला आल्या आल्या तो अभ्यास करायला बसवणार. एमएसएमधला नेहमीचा अभ्यास असा असतो की १० भाग घ्यायचे, ३ माणसांनी प्रत्येक भाग ३ वेळा मोजायचा, म्हणजे एका गेजमागे ९० मोजमापं. चूक १० टक्क्यांच्या आत आली तर ठीक, ३० च्या वर गेली तर ती मोजमाप पद्धत चालत नाही. पण या अभ्यासाला बसण्याआधी गेज कॅलिब्रेट झालेलं असावं लागतं, नाहीतर सगळी ९० मोजमापं वाया. म्हणजे आमचं काम नवा माणूस यायच्या आधी होऊन हवं होतं, आणि ते चाकणच्या क्वालिटी हेडच्या टेबलावर पडलेलं असणार होतं.

त्यांना बुधवारी सकाळी हा मेल गेला:

> विषय: रांजणगाव प्लांट, पीपॅपआधीचं गेज कॅलिब्रेशन
>
> नमस्कार साहेब,
>
> रांजणगावसाठी सीएमएम ऑपरेटर आणि क्वालिटी इंजिनिअर हवे असल्याची तुमची जाहिरात सोमवारी पाहिली. त्यात पीपॅप आणि एमएसए दोन्ही आहे, म्हणून नव्या भागांची सबमिशन जवळ आली असावी, असा माझा अंदाज.
>
> नवी माणसं रुजू होईपर्यंत गेजची यादी आणि सर्टिफिकेटं तुमच्याच टीमकडे असतील. आमची भोसरीची लॅब एनएबीएल मान्य आहे. प्लग, स्नॅप आणि थ्रेड रिंग गेज स्कोपमध्ये आहेत.
>
> यादी पाठवलीत तर कुठलं गेज किती दिवसांत परत मिळेल ते त्याच दिवशी सांगतो. अंदाज चुकला असेल तर तेवढं कळवा, पुन्हा त्रास देणार नाही.

ब्रोशर जोडलं नाही. पहिल्याच मेलला फाइल असली की तो स्पॅममध्ये जायची शक्यता वाढते, आणि क्वालिटीच्या माणसाला ब्रोशरपेक्षा स्कोप महत्त्वाचा. एनएबीएल ही लॅबना मान्यता देणारी संस्था, पण तिची मान्यता सरसकट नसते. कुठलं गेज, किती मापापर्यंत, हे स्कोपमध्ये ओळीने लिहिलेलं असतं आणि ते एनएबीएलच्या वेबसाइटवर तपासता येतं. जो खरा गिऱ्हाईक असतो तो तपासतोच.

शुक्रवारी उत्तर आलं. दोन ओळींचं: "गेज नवीनच आहेत, मेकरची सर्टिफिकेटं आहेत. तरी एकदा येऊन बघा."

गेलो. साहेबांनी कपाटातून लाकडी पेटी काढली. आत तेलाच्या कागदात गुंडाळलेली नवी कोरी गेज, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेला क्रमांक आणि एक प्लॅस्टिकची फाइल. फाइल उलटताना तीन थ्रेड रिंग गेजच्या सर्टिफिकेटांवर माझा हात थांबला. मापं बरोबर होती, सही-शिक्का होता, पण मान्यतेचं चिन्ह नव्हतं. बनवणाऱ्याने स्वतःच्या टूलरूममध्ये मोजून दिलेला कागद होता तो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात बाहेरच्या लॅबला आयएसओ १७०२५ ची, म्हणजे एनएबीएल देते तशी, मान्यता लागते, सूट मोजक्याच परिस्थितीत मिळते आणि ती कागदावर दाखवावी लागते. साहेबांनी फाइल स्वतःकडे ओढली, तिन्ही पानं पुन्हा पाहिली आणि विचारलं, "ही तीन कधी मिळतील?"

एवढंच काम मिळालं, तीन रिंग. बाकीची गेज ठीक होती आणि चाकणच्या कारखान्याचा वर्षाचा करार दुसऱ्या लॅबशी होता, तो त्यांनी मोडला नाही. मोडावा असं मी सुचवलंही नाही. अडीच महिन्यांनी नवा क्वालिटी इंजिनिअर रुजू झाला. त्याला मी मेल करायच्या आधीच त्याचा फोन आला, कारण त्या तीन सर्टिफिकेटांवर आमचा नंबर होता.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हे उत्तर आलं तर समजा, तुम्ही जाहीर गोष्टीच्या पुढे गेलात. जाहिरात वाचून नवा भाग येतोय इतका अंदाज बांधणं ठीक. तो कुठल्या गाडी कंपनीसाठी आहे हे आमच्या भागात चहाच्या टपरीवरही कळतं, पण ते लिहायचं नाही. सप्लायरने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि तुमच्या मेलमध्ये ते नाव दिसलं की क्वालिटी हेडला पहिली भीती वाटते की माहिती फुटली कुठून. तिथून काम मिळत नाही. तीच गोष्ट कामगाराने वैयक्तिक पोस्टमध्ये टाकलेल्या फोटोची, आणि मुलाखतीला गेलेल्या मित्राने सांगितलेल्या तपशिलांची. काहीजण माहिती काढायला खोटा अर्ज करून मुलाखतीपर्यंत जातात. तसं अजिबात करू नका, ती सरळ सरळ फसवणूक आहे.

मेलमध्ये "कुठे पाहिलं" ते स्पष्ट लिहिलं की हा संशय उरत नाही. "तुमची जाहिरात सोमवारी पाहिली" हे वाक्य त्यासाठीच आहे.

असं झालंच तर लपवू नका. त्याच दिवशी फोन करा, कुठे काय वाचलं ते सांगा, आणि अंदाज जास्त पुढे गेला असेल तर माफी मागा.

सगळं बरोबर असूनही उत्तर नाही

असंही होतं. पुरवठादार निवडायचं काम ग्रुपच्या मुख्य कार्यालयाकडे असतं, प्रोजेक्ट दोन महिने पुढे ढकललेला असतो, किंवा त्यांच्याकडे स्वतःची लॅब असते. यात तुमचा दोष नाही आणि मजकूर बदलून फरक पडणार नाही.

मी पहिल्या मेलनंतर साधारण आठ-दहा दिवसांनी एकदा फोन करतो. सकाळी साडेनऊ ते साडेदहा टाळतो, तेव्हा क्वालिटीची माणसं रोजच्या मीटिंगमध्ये असतात. दुपारी चहाच्या आसपास फोन लागतो. फोनवर नवं काही सांगत नाही, मेल मिळाला का आणि अंदाज बरोबर होता का, एवढंच विचारतो. अंदाज चुकला असं कळलं तर बरोबर काय ते विचारून वहीत तारखेसह लिहितो. बहुतेक वेळा उत्तर असं असतं: "सबमिशन आता दिवाळीनंतर." मग दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मेल जातो, आणि तेव्हा जाहिरातीचा उल्लेखही लागत नाही, त्यांनी स्वतः सांगितलेली तारीखच कारण होते.

फोनही उचलला नाही तर तिसरी खेप मी करत नाही. नवा माणूस रुजू होईल त्या सुमाराची तारीख वहीत टाकतो आणि पान उलटतो.